एका मिलिबारचा हिशोब

पहाटे सहाच्या सुमाराला एखाद्या मोठ्या हॉटेलच्या मागच्या दाराशी गेलात तर दोन ठिकाणी एकदमच घाई दिसते. भटारखान्यात इडलीचे स्टीमर आणि सांबाराची पातेली चढलेली असतात. शेजारच्या बॉयलर रूममध्ये पाहुण्यांच्या अंघोळीचं पाणी तापत असतं, आणि चादरी-टॉवेलांच्या इस्त्रीसाठी वाफ तयार होत असते. दोन्हीकडे नैसर्गिक वायू येतो तो बहुधा एकाच मीटरमधून, एकाच पाइपने. आणि अशा ठिकाणी एक तक्रार वर्षानुवर्षं ऐकू येते: एरवी सगळं नीट चालतं, पण नेमकं सकाळी नाश्त्याच्या वेळी बॉयलर बंद पडतो. पॅनेलवर ‘गॅसचा दाब कमी’ असा लाल दिवा लागतो. फोन केला की गॅस कंपनीचा माणूस येतो, मीटरपाशी दाब मोजतो, तो बरोबर निघतो, आणि तो निघून जातो. मग बर्नरवाल्याला बोलावतात. त्यालाही काही सापडत नाही.

दोष बहुतेकदा या दोघांच्या मधल्या पाइपात असतो. तो गळत नसतो, तुंबलेलाही नसतो. तो फक्त एक माप लहान असतो.

एक माप लहान असल्याने इतकं काय बिघडतं, हे समजायला आधी दाबाची कल्पना यायला हवी. आपल्या घरी शेगडीला येणाऱ्या पाइप गॅसचा दाब साधारण २१ मिलिबार असतो. हॉटेलांना आणि इस्पितळांना यापेक्षा जास्त दाबाने गॅस मिळू शकतो, पण मीटरनंतर २१ मिलिबारवरच चालणारी जुनी-नवी जोडणी पुष्कळ आहे, म्हणून तीच धरू. आपल्याभोवतीच्या हवेचा दाब सुमारे हजार मिलिबार असतो. त्याच्या वर पाइपातल्या गॅसकडे फक्त हे २१ जास्तीचे. पारदर्शक नळीत पाणी भरून ती इंग्रजी यू अक्षरासारखी वाकवली आणि एका तोंडाला हा गॅस जोडला, तर पाणी जेमतेम वीतभर सरकतं. एक मिलिबार म्हणजे पाण्याचा सुमारे एक सेंटिमीटर. गॅसच्या पाइपची मापं ठरवणाऱ्याला जो काही खेळ करायचा तो या वीतभर पाण्यातच.

गॅस पाइपातून वाहू लागला की भिंतींशी घासतो आणि पुढे जाता जाता त्याचा दाब उतरतो. किती उतरू द्यायचा, यावर प्रत्येक देशाने काही मर्यादा घातली आहे. ब्रिटनमध्ये २१ मिलिबारच्या जोडणीत मीटरच्या बाहेरच्या तोंडापासून सगळ्यात लांबच्या उपकरणापर्यंत, सगळं पूर्ण जोरात चालू असताना, एका मिलिबारपेक्षा जास्त घट चालत नाही. अमेरिकेत पाण्याच्या सात इंचांच्या आसपास दाब धरतात आणि तिथल्या नेहमीच्या तक्त्यांत अर्धा इंच, म्हणजे सव्वा मिलिबार, घट गृहीत असते. थोडक्यात, सगळीकडे आकडा एका मिलिबारच्या आसपासच घुटमळतो. मूळ दाबाच्या पाच टक्के.

इतकी काटकसर कशासाठी, असं वाटेल. साध्या शेगडीच्या बर्नरची ताकद दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलते. दाब २१ वरून १७ वर आला तर आच दहा टक्क्यांनी कमी होते. एवढं आचाऱ्याला जाणवेल, पण इडल्या होतील. मग एका मिलिबारचा हट्ट का? कारण हा एक मिलिबार म्हणजे सगळी घट नव्हे, फक्त पाइपच्या वाट्याची. गॅस कंपनीचा रेग्युलेटर भार वाढला की थोडा खाली येतो, बर्नरच्या तोंडाशी असलेल्या व्हॉल्व्ह आणि फिल्टरची घट वेगळी असते, फिल्टर मळला की ती वाढते. प्रत्येकाने थोडं थोडं खाल्लं तर टोकाला काय उरेल याची खात्री राहत नाही. दुसरं कारण बॉयलर. त्याचा बर्नर पंख्याने हवा घेतो, आणि किती गॅसला किती हवा हे आधी जुळवून ठेवलेलं असतं. गॅस कमी आला आणि हवा तेवढीच राहिली तर ज्योत डळमळते. म्हणून अशा बर्नरवर कमी दाबाचा स्विच असतो. दाब ठरलेल्या आकड्याखाली गेला की तो बर्नर सरळ बंद करतो. शेगडी मंदावते, बॉयलर मात्र थांबतो.

घट किती होईल हे काढायचं एक जुनं सूत्र आहे. विल्यम पोल या इंग्रज अभियंत्याच्या नावाने ते ओळखलं जातं. हे गृहस्थ १८४४ मध्ये मुंबईला एल्फिन्स्टन कॉलेजात अभियांत्रिकी शिकवायला आले होते. काही वर्षांत प्रकृतीमुळे ते परत गेले आणि पुढे पत्त्यांतल्या व्हिस्टच्या खेळाचे जाणकार म्हणूनही नावाजले गेले. कमी दाबाच्या गॅससाठी त्यांचं सूत्र आजच्या मापांत असं लिहितात:

```
Q = 0.0071 × √( d⁵ × h ÷ (s × L) )
```

यात Q म्हणजे तासाला किती घनमीटर गॅस, d म्हणजे पाइपचा आतला व्यास मिलिमीटरमध्ये, h म्हणजे घट मिलिबारमध्ये, L म्हणजे लांबी मीटरमध्ये, आणि s म्हणजे हवेच्या तुलनेत गॅसची घनता. नैसर्गिक वायूला ती सुमारे ०.६ असते. आज संगणकावर चालणारी सूत्रं याहून काटेकोर आहेत, पण हॉटेलाएवढ्या कामाला हे जुनं सूत्र अजून दगा देत नाही.

सूत्रातली सगळी गंमत त्या पाचव्या घातात आहे. दोन इंची ‘सी क्लास’ जी.आय. पाइपचा आतला व्यास सुमारे ५१ मिलिमीटर, अडीच इंचीचा ६७. व्यास तिसऱ्या हिश्श्यानेसुद्धा वाढलेला नाही, पण पाचव्या घातामुळे तेवढाच गॅस वाहताना घट चौथ्या हिश्श्यावर येते. उलट बाजूने पाहिलं तर अडीचच्या जागी दोन इंची टाकून पैसे वाचवले की घट चौपट. भाराचंही तसंच: गॅस दुप्पट वाहिला की घट चौपट होते. म्हणून ‘थोडा बारीक पाइप आहे, थोडा त्रास होईल’ असं गॅसच्या बाबतीत चालत नाही. लांबी मात्र सरळ हिशोबाने वागते. दुप्पट लांब, दुप्पट घट.

आता एक उदाहरण मांडून पाहू. समजा, मध्यम आकाराचं एक हॉटेल आहे. भटारखान्यात चार मोठ्या शेगड्या, प्रत्येकी तासाला दीड घनमीटर. चायनीज रेंजचे दोन बर्नर, प्रत्येकी दोन घनमीटर. डोशाची भट्टी आणि इडली स्टीमर, प्रत्येकी एक. बेरीज १२ घनमीटर. बॉयलर रूममध्ये लाँड्रीसाठी तासाला ३०० किलो वाफ देणारा छोटा बॉयलर आणि अंघोळीच्या पाण्याचा दुसरा. एक घनमीटर गॅसमधून सुमारे साडेनऊ किलोवॅट-तास उष्णता मिळते. बॉयलरची कार्यक्षमता धरून हिशोब केला तर वाफेच्या बॉयलरला तासाला २५ घनमीटर लागतात. पाण्याच्या बॉयलरला १३ धरू. म्हणजे बॉयलर रूमचे ३८, भटारखान्याचे १२, एकूण ५०.

इथे एक मोह होतो. भटारखान्यात सगळे बर्नर एकदम कधी पेटत नाहीत, मग बारा कशाला धरायचे? मोठ्या, अनेक उपकरणांच्या स्वयंपाकघरात अशी सूट थोडीफार देता येते. पण बॉयलरला ती देऊ नये, आणि भटारखाना आणि बॉयलर यांच्या वेळा वेगळ्या असतील असंही धरू नये. पाहुणे अंघोळ करतात त्याच तासाला नाश्ता बनतो. या हॉटेलात पूर्ण पन्नासच धरायला हवेत.

मीटर फाटकाजवळच्या भिंतीवर आहे. तिथून २० मीटर पाइप इमारतीपर्यंत येतो, वाटेत तीन एल्बो. मग टी. टीपासून एक फाटा सरळ ३० मीटर बॉयलर रूमला जातो, चार एल्बो घेत. तिथे शेवटचा चार मीटरचा तुकडा वाफेच्या बॉयलरला. दुसरा फाटा टीपासून वळून १० मीटरवर भटारखान्यात, त्यातही चार एल्बो.

एल्बो मोजायचे ते कशाला? कारण प्रत्येक वळणावर गॅस आपटतो, वळतो, आणि तेवढी घट जास्त होते. सोपी पद्धत अशी की एल्बोला पाइपच्या तीस व्यासांएवढी लांबी धरायची. तीन इंची पाइपचा एक एल्बो म्हणजे जवळजवळ अडीच मीटर सरळ पाइप. टीमधून वळून जाणं याच्या दुप्पट महाग. नकाशावर ५४ मीटर दिसणारी वाट हिशोबात सत्तरीच्या वर जाते ती यामुळे. प्रत्यक्ष काम करताना फिटरला वाटेत एखादी तुळई आडवी आली आणि त्याने चार एल्बो जास्त टाकून वळसा घेतला, तर कागदावरचा हिशोब तिथेच जुना झाला. हे होतं, आणि फार वेळा होतं.

हिशोबाची सुरुवात सगळ्यात लांबच्या टोकापासून करतात. एक मिलिबार भागिले सत्तर-पंचाहत्तर मीटर, म्हणजे मीटरमागे ०.०१३ किंवा ०.०१४ मिलिबार खर्च करायला परवानगी. आता पन्नास घनमीटर वाहणाऱ्या पहिल्या तुकड्याला अडीच इंची पाइप घेतला तर मीटरमागे ०.०२२ मिलिबार जातात. जास्त झालं. तीन इंची घेतला तर ०.०१ पेक्षाही थोडं कमी. म्हणजे पहिला तुकडा तीन इंची. टीनंतर बॉयलरकडे ३८ घनमीटरच जातात, तिथे अडीच इंचीला मीटरमागे ०.०१३ लागतात. बसलं.

आता खरी बेरीज. तीन इंचीचा पहिला तुकडा, एल्बोंसकट २७ मीटर, घट ०.२६ मिलिबार. अडीच इंचीचा बॉयलरकडचा फाटा, वळणांसकट ३९ मीटर, घट ०.५०. शेवटचा दोन इंचीचा तुकडा वाफेच्या बॉयलरला, टी आणि एल्बो धरून साडेआठ मीटर, घट ०.१९. एकूण ०.९५ मिलिबार. मर्यादेच्या आत, पण अगदी दाराला टेकून.

भटारखान्याचा हिशोब टीपासून सुरू होतो, मीटरपासून नाही, आणि अनेक जण इथेच चुकतात. टीपर्यंत ०.२६ आधीच खर्च झालेले आहेत, उरले ०.७४. सव्वा इंची पाइप टाकला तर फाट्यात ०.६० जातील. बेरीज मर्यादेत दिसते, पण भटारखान्यात शेगड्यांच्या मागून जाणारा आडवा पाइप, प्रत्येक शेगडीचा खाली उतरणारा तुकडा आणि कॉक यांच्यासाठी फक्त ०.१४ उरतात. ते पुरत नाहीत. दीड इंची टाकला तर फाट्यात ०.२९ जातात आणि आतल्या कामाला जवळजवळ अर्धा मिलिबार शिल्लक राहतो. फरक पाव इंचाचा आहे, आणि तो दहा मीटरच्या पाइपात आहे. इथे काटकसर करणं मला तरी शहाणपणाचं वाटत नाही.

आता हेच हॉटेल घाईत बांधलं गेलं, आणि मीटरपासून बॉयलरपर्यंत सगळा पाइप सरसकट दोन इंची टाकला, असं धरू. फार नवल नाही, दोन इंची पाइप बघायला भक्कमच दिसतो. पहिल्या तुकड्यात, पूर्ण भाराला, २.१२ मिलिबार जातात. बॉयलरच्या फाट्यात १.८४. शेवटच्या तुकड्यात ०.१९. एकूण सव्वाचारच्या थोडं अलीकडे. मीटरपाशी २१ असताना वाफेच्या बॉयलरला १६.८५ मिलिबार मिळतात. बर्नरचा स्विच १७ वर लावलेला आहे असं धरलं, तर बर्नर बंद.

पण हे कधी होतं, ते बघण्यासारखं आहे. रात्री एकटा वाफेचा बॉयलर चालू असताना २५ घनमीटरच वाहतात, आणि त्याच्यापाशी साडेएकोणीस मिलिबार असतात. पहाटे पाण्याचा बॉयलरही पेटला की दाब १७.७५ वर येतो, तरी स्विच गप्प. मग साडेसहाला भटारखान्याचे बाराही घनमीटर सुरू होतात, दाब १७ च्या खाली सरकतो आणि वाफेचा बॉयलर बंद पडतो. तो बंद पडल्याक्षणी २५ घनमीटरांचा भार गेला, त्यामुळे दाब परत वर. मेकॅनिक येईपर्यंत नाश्ता आटोपलेला असतो, भटारखाना अर्धा बंद असतो, बॉयलर बटण दाबताच पेटतो आणि छान चालतो. मेकॅनिक सांगतो की बर्नरमध्ये काहीच दोष नाही, आणि त्याचं म्हणणं खरं असतं. घरी कोणी स्वयंपाकघरातला नळ सोडला की वरच्या मजल्यावरचा शॉवर मंदावतो, तशातलाच हा प्रकार. फक्त इथे ज्याच्यामुळे घडतं तो आचारी आणि ज्याचं बिघडतं तो बॉयलर दोन वेगळ्या इमारतींत असतात, आणि एकमेकांशी बोलत नाहीत.

म्हणूनच मीटरपाशी दाब मोजून याचं निदान होत नाही. सगळं बंद असताना मोजलं तर आणखीच फसगत. गॅस वाहत नसेल तर घट शून्य असते, आणि पाइप अर्धा इंची असो की चार इंची, दोन्ही टोकांना एकच आकडा दिसतो. योग्य चाचणी अशी: सगळे बर्नर पूर्ण जोरात पेटवायचे, अगदी ज्यांची गरज नाही तेही. मग मीटरच्या बाहेरच्या तोंडाशी आणि बॉयलरच्या व्हॉल्व्हच्या अलीकडे, दोन्ही ठिकाणी ठेवलेल्या चाचणीच्या टोकांना एकाच वेळी मॅनोमीटर लावायचा. दोन आकड्यांमधला फरक म्हणजे पाइपातली घट. पाण्याच्या यू नळीवर तो एका सेंटिमीटरच्या आत राहिला तर पाइप ठीक. चार सेंटिमीटर निघाला तर कोणाला बोलवायचं हे कळलं. मीटरपाशीच दाब १९ वर आला असेल तर मात्र तक्रार खरोखरच गॅस कंपनीकडे जायला हवी. ही चाचणी परवानाधारक गॅस फिटरनेच करायची, पण ती दोन्ही टोकांना आणि पूर्ण भाराला झाली का, हे विचारायला हॉटेलच्या मॅनेजरला कोणी अडवत नाही. काम नवं असताना हे दोन आकडे कागदावर लिहून ठेवले तर पाच वर्षांनी पुन्हा मोजून फरक दिसतो.

मग सगळीकडे चार इंची टाकून का देऊ नये? पैसे आणि वजन हे उघड कारण. शिवाय मोठ्या पाइपात गॅसही जास्त मावतो. गळती तपासायला आणि पाइपातली हवा काढून गॅस भरायला जास्त वेळ आणि जास्त काळजी लागते. गॅसच्या वेगाची भीती मात्र इथे नाही. वेगाची नेहमीची मर्यादा सेकंदाला वीस मीटरच्या आसपास असते, आणि आपल्या तीन इंची पाइपात गॅस सेकंदाला तीन मीटरसुद्धा धावत नाही. कमी दाबाच्या जोडणीत पाइप ठरवते ती घटच.

मुंबईसारख्या ठिकाणी, जिथे बॉयलर गच्चीवर नेऊन ठेवतात, एक गोष्ट फुकटात मिळते. नैसर्गिक वायू हवेपेक्षा हलका, म्हणून उभ्या पाइपात वर चढताना त्याचा जास्तीचा दाब थोडा वाढतो, मीटरमागे सुमारे ०.०५ मिलिबार. वीस मीटर उंचीच्या गच्चीवर जवळजवळ एक मिलिबार, म्हणजे पाइपातल्या पूर्ण परवानगीएवढा, परत मिळतो. तळघरातल्या बॉयलर रूमला याच्या उलट सोसावं लागतं: तीन मजले खाली गेलं की साधारण अर्धा मिलिबार गेलाच. नकाशात पाइपची लांबी मोजणारे उंची विसरतात, आणि तळघरात ते महागात पडतं.

सिलिंडरवरून पाइप गॅसकडे वळणाऱ्या हॉटेलांची अडचण निराळी. भटारखान्यात एलपीजीची जुनी लाइन असतेच, चांगल्या स्थितीत असते, आणि ‘हीच वापरू’ असं मालकाला वाटणं स्वाभाविक आहे. पण एलपीजीच्या एका घनमीटरमध्ये नैसर्गिक वायूच्या जवळजवळ तिप्पट उष्णता असते. तेवढीच आच हवी तर पाइपातून जवळजवळ तिप्पट गॅस जायला हवा. नैसर्गिक वायू हलका असल्याने थोडी सूट मिळते, तरी त्याच पाइपात घट दुपटीहून जास्त होते. त्यात एलपीजीची शेगडी ३० मिलिबारच्या आसपास चालते, इथे हाताशी २१ च. अनेक ठिकाणी तर सिलिंडरच्या खोलीपासून भटारखान्यापर्यंत एलपीजी जास्त दाबाने आणतात आणि तिथे दुसरा रेग्युलेटर बसवतात. असा अर्ध्या-पाऊण इंची पाइप २१ मिलिबारच्या गॅसला काहीच उपयोगाचा नसतो. बर्नरच्या जेटचं भोक बदललं, म्हणजे रूपांतर झालं, एवढ्यावर भागत नाही. पाइपचाही हिशोब नव्याने करावा लागतो.

आणि आता आपल्या उदाहरणातल्या हॉटेलच्या मालकाने म्हटलं, की दोन वर्षांनी तंदूर आणि आणखी एक छोटा बॉयलर लावायचा आहे, भार पावपट वाढेल, तर? पावपट भार म्हणजे घट ०.९५ वरून दीड मिलिबारच्या घरात. मर्यादा मोडली. तेव्हा पाइप उखडून मोठे टाकण्यापेक्षा आणखी एक वाट आधी तपासून पाहावी: गॅस कंपनीकडून मीटरनंतर १०० मिलिबारचा दाब मागायचा आणि भटारखान्याला व बॉयलर रूमला वेगवेगळे रेग्युलेटर लावायचे. शंभरातून पाच टक्के, म्हणजे पाच मिलिबार, पाइपात गेले तरी कोणाचं काही अडत नाही. जो सरसकट दोन इंची पाइप २१ मिलिबारला चार मिलिबार गमावून बॉयलर बंद पाडत होता, तोच १०० मिलिबारला तेवढेच गमावून आजचा भार निवांत पेलेल. वाढलेल्या भारालाही घट सहा मिलिबारच्या आसपास, आणि रेग्युलेटरच्या तोंडाशी नव्वदच्या वर दाब शिल्लक. त्याची किंमत रेग्युलेटरमध्ये मोजावी लागते. दाब अचानक चढला तर गॅस तोडणारा झडप हवा, जास्तीचा गॅस इमारतीबाहेर मोकळ्यावर सोडणारी नळी हवी, दरवर्षी तपासणी हवी. शिवाय सगळ्यात आधी गॅस कंपनीने तो दाब द्यायला हो म्हटलं पाहिजे, तेव्हा हा अर्ज पाइपची ऑर्डर देण्यापूर्वी करायचा.